कडा छाटण्यापूर्वीचे मोजमाप

जुन्या ग्रंथांची आणि नियतकालिकांची पाने स्कॅन करण्याचे काम ज्या ग्रंथालयांनी व अभिलेखागारांनी हाती घेतले आहे, तेथील कर्मचाऱ्यांना पानाभोवती उरणाऱ्या पार्श्वभूमीचा प्रश्न नित्य पडतो. स्कॅनरची काच ए-फोर आकाराची आणि पुस्तक डेमी अष्टपत्री, तेव्हा प्रत्येक प्रतिमेत पानाच्या चहूबाजूंस काळ्या पुठ्ठ्याचा किंवा पांढऱ्या झाकणाचा रुंद पट्टा येणारच. शेकडो पानांचा हा पट्टा हाताने कापीत बसणे कोणासही परवडण्यासारखे नसल्यामुळे इमेजमॅजिकच्या एका ओळीच्या आज्ञेकडे आपण साहजिकच वळतो:

```
mkdir -p trimmed
magick mogrify -path trimmed -fuzz 10% -trim +repage scans/*.tif
```

(सहाव्या आवृत्तीत आरंभीचा `magick` हा शब्द गाळून नुसते `mogrify` लिहावे.) या ओळीतील `-path` कधीही विसरू नये, कारण त्यावाचून `mogrify` मूळ फायलींवरच नव्या प्रतिमा लिहून मोकळे होते. `+repage` असल्याने छाटलेल्या प्रतिमेस चिकटून राहणारी जुन्या चौकटीची स्मृती पुसली जाते, आणि पुढे त्याच प्रतिमेचा एखादा भाग कापताना तो भलत्याच ठिकाणाहून कापला जाण्याचे संकट टळते.

परंतु एवढ्यावर सारा संग्रह सोपवू नये, असे आमचे निश्चित मत आहे. आणि त्याचे कारण `-trim` ही सूचना ज्या रीतीने विचार करते तिच्यातच आहे. तिला पान म्हणजे काय ते ठाऊक नाही. प्रतिमेच्या कोपऱ्यांतील पिक्सेलांचा रंग तीच पार्श्वभूमी असे ती गृहीत धरते, आणि कडेकडून आत येताना त्या रंगाहून निराळा असा पहिला पिक्सेल जेथे भेटेल तेथे थांबते. `-fuzz` ने आपण तिला एवढेच सांगतो, की किती अंतरापर्यंतचे रंग एकच समजावेत. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे अंतर १०० टक्के धरले, तर १५ टक्के म्हणजे २५५ पैकी सुमारे ३८ पायऱ्या. काळ्या पुठ्ठ्याची छटा डोळ्यांना एकसारखी दिसली तरी स्कॅनरच्या लेखी ती प्रत्येक पिक्सेलला थोडी थोडी बदलते, म्हणून ही सवलत शून्यावर ठेवली तर बहुधा काहीच छाटले जात नाही. सवलत वाढवली तरी पुठ्ठ्यावर पडलेला धुळीचा एखादा पांढरा कण, अवघा तीन पिक्सेल रुंदीचा असला तरी, त्या बाजूची सारी छाटणी अडवून धरतो.

याच्या उलट प्रकार पांढऱ्या झाकणाखाली घडतो, आणि तो अधिक घातक आहे. पिवळ्या पडलेल्या कागदाचा रंग २२८, २१४, १८६ असा आणि झाकणाचा तिन्ही अंगांनी २४८ असा धरला, तर त्यांतील अंतर १६ टक्क्यांच्या वर भरते आणि १० टक्क्यांची सवलत निर्धोक ठरते. त्याच संग्रहातील अलीकडचा, २४०, २३८, २३० या छटेचा कागद आला, की ते अंतर ५ टक्क्यांवर येते. मग तीच आज्ञा कागदाचा समासही पार्श्वभूमीत जमा करून थेट अक्षरांपर्यंत येऊन पोचते. ज्या पानावर प्रकरण अर्ध्यात संपले असेल आणि तळाशी पृष्ठांकही छापलेला नसेल, ते पान अर्धेच उरते. समासात कोणा वाचकाने पेन्सिलीने केलेली फिकट नोंद सवलतीच्या आत बसली, तर ती पार्श्वभूमीबरोबरच नाहीशी होते. कोरे पान तर एखाद्या डागाएवढ्या तुकड्यावर येऊन ठेपते. समास हा पुस्तकाचा भाग आहे, स्कॅनरचा नव्हे. त्यावर कात्री चालवण्याचा अधिकार आपल्याला नाही. म्हणून पानामागे काळा पुठ्ठा घालावा, हा आमचा पहिला आग्रह. दुसरा आग्रह असा, की मोजणे आणि कापणे ही कामे एकाच आज्ञेत न उरकता दोन स्वतंत्र टप्प्यांत करावीत.

```
for f in scans/*.tif; do
  magick "$f" -blur 0x8 -fuzz 15% -format '%f %@\n' info:
done > maap.txt
```

येथे कोणतीही प्रतिमा लिहिली जात नाही. `%@` हे चिन्ह छाटणी न करता केवळ तिचे माप सांगते, आणि ते माप स्मृतीत तात्पुरत्या अस्पष्ट केलेल्या प्रतिमेवरून घेतले जाते. पुठ्ठ्याची छटा १८ आणि कागदाची २२५ असेल, तर तीन पिक्सेलांचा पांढरा कण या अस्पष्टतेत विरघळून पार्श्वभूमीहून जेमतेम पाच पायऱ्या वर उरतो. ३८ पायऱ्यांच्या सवलतीत तो सहज मावतो. दहा पिक्सेल लांबीरुंदीचा कण मात्र सुमारे ४५ पायऱ्या वर राहून पूर्वीसारखाच आडवा येतो, म्हणून स्कॅन करण्यापूर्वी पुठ्ठा पुसण्याचे काम टळत नाही.

३०० डीपीआयने स्कॅन केलेल्या ए-फोर प्रतिमेचे परिमाण २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल, आणि साडेपाच गुणिले साडेआठ इंचांच्या पानाचे १६५० गुणिले २५५०. नोंदीत पुढील ओळ दिसली, तर ती निर्दोष समजावी:

```
p047.tif 1664x2564+401+463
```

दोन्ही परिमाणांत १४ पिक्सेल जास्त दिसतात, कारण अस्पष्ट केलेल्या पानाची कड पुठ्ठ्यावर किंचित पसरते आणि माप प्रत्येक बाजूस सुमारे सात पिक्सेल, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडे अधिक, बाहेर सरकते. ही चूक आम्हाला हवीशीच आहे. पानाभोवती काळ्याची बारीक रेघ राहिली, की पान चहूबाजूंनी पूर्ण आहे याची साक्ष प्रतिमेतच मिळते.

यानंतर `sort -k2,2n maap.txt` या आज्ञेने नोंदी रुंदीनुसार लावाव्यात. एका पुस्तकाची पाने एकाच मापाची असल्यामुळे बहुसंख्य ओळी परस्परांच्या निकट येतात आणि विसंगत ओळी दोन टोकांना जमतात. रुंदी २४८० च्या आसपास असेल, तर छाटणी मोठ्या कणाने किंवा कोपऱ्यातील डागाने अडली. ती १६५० हून बरीच कमी असेल, तर पानाच्या आतला भाग कापला जाणार आहे. उंचीचा आकडाही त्याच वेळी नजरेखालून घालावा. शंभरांत जी चार-दोन पाने अशी निघतील त्यांची मापे प्रतिमा उघडून, त्याच फायलीत हाताने दुरुस्त करावीत. मगच कात्री चालवावी:

```
while read -r f g; do
  magick "scans/$f" -crop "$g" +repage "trimmed/$f"
done < maap.txt
```

फायलींच्या नावांत मोकळी जागा असल्यास ही आज्ञा अडखळेल, तेव्हा नावे आधीच सुधारून घ्यावीत.

वाकड्या ठेवलेल्या पानांवर मात्र हा उपाय अपुरा आहे. छाटणीची चौकट नेहमी सरळ असते. पान एका अंशाने तिरपे असले, तरी २५५० पिक्सेलांच्या उंचीत कडेला सुमारे ४४ पिक्सेल रुंदीची काळी पाचर राहते, आणि नोंदीतील रुंदीही तितकीच फुगते. मोजणीपूर्वी `-deskew 40%` देऊन पान सरळ करता येते, पण त्यात प्रत्येक पिक्सेल नव्याने घडवला जातो. म्हणून ते वाचकांसाठीच्या प्रतीवरच करावे आणि मापही त्या सरळ केलेल्या प्रतीवरूनच घ्यावे. मूळ टिफ फायली पार्श्वभूमीसकट, न छाटता दप्तरात ठेवाव्यात, आणि त्यांच्याशेजारी `maap.txt` ही ठेवावी. काही किलोबाइटांच्या या नोंदीवरून छाटलेली संपूर्ण प्रत पुन्हा केव्हाही तयार करता येते, आणि एखाद्या पानाचे माप चुकल्याचे वर्षांनंतर ध्यानात आले, तर तेवढी एकच ओळ दुरुस्त करावी लागते.