किराणावाल्याला सोपा कर, आडत्याला नाही

केडगावातल्या एखाद्या किराणा दुकानाची वर्षाची विक्री ४० लाख धरा. १५ लाख रोख आले, २५ लाख फोनपे-बँकेतून. प्राप्तिकराच्या अनुमानित योजनेत रोखीवर ८ टक्के, ऑनलाइनवर ६ टक्के नफा धरतात. झाले २ लाख ७० हजार. हा कर नव्हे, नफा. खरा नफा जास्त असेल तर तोच दाखवायचा. खर्चाच्या वह्या, ऑडिट काही नको. ‘सुगम’ फॉर्म भरला की झालं. डॉक्टर-वकिलांची निम्मी फी उत्पन्न धरतात.

पण शेजारच्या नेप्ती कांदा बाजारातला आडत्या यात बसत नाही, कारण त्याची कमाई कमिशनची. स्वतः कांदा घेऊन विकणारा व्यापारी बसतो. दोन्ही धंदे करणाऱ्यांनी मात्र फॉर्म भरण्याआधी सीएला विचारा, इथेच गफलत होते.