मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर थेंबांची घाई करू नका



भातलावणीच्या धांदलीत आजी-आजोबांच्या डोळ्यांत थेंब टाकायचं काम घाईघाईत उरकलं जातं. मुळशीत पौड, कोळवणपासून ताम्हिणीपर्यंत ज्या घरी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, तिथल्या सगळ्यांना कळकळीची विनंती आहे: दोन बाटल्यांचे थेंब लागोपाठ टाकू नका.

डोळ्यात एका थेंबापुरतीही जागा नसते, थोडं औषध गालावर येतंच. त्यावर लगेच दुसरं टाकलं की पहिलं धुऊन जातं. म्हणून दोन औषधांत निदान पाच मिनिटं जाऊ द्या. डॉक्टरांनी क्रम लिहून दिला असेल तर तोच पाळा. नसेल तर पाण्यासारखं स्वच्छ औषध आधी आणि हलवून घ्यायचं दुधाळ औषध नंतर टाका. समजा, सकाळी आठला मॉक्सिफ्लॉक्सॅसिनचा एक थेंब टाकला. आता डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने हलकेच मिनिटभर दाबून धरा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. ऑपरेशन झालेल्या बुबुळावर मात्र दाब देऊ नका. आठ वाजून पाच मिनिटांनी प्रेडनिसोलोनची बाटली नीट हलवून त्याचा थेंब टाका. मलम असेल तर ते सगळ्यात शेवटी, दहा मिनिटांनी. ते तेलकट असल्याने नंतरचे थेंब आत जाऊ देत नाही.

चिखलातून आलेले हात आधी साबणाने धुवा. नवी बाटली टाचणीने फोडू नका. बऱ्याच बाटल्यांच्या टोपणातच काटा असतो, टोपण घट्ट पिळलं की भोक पडतं. बाटलीचं टोक पापणीला किंवा बोटाला टेकलं, तर तिथले जंतू आत जातात आणि पुढचा प्रत्येक थेंब ते डोळ्यात नेतो. ताज्या जखमेच्या डोळ्यात असा संसर्ग झाला तर दृष्टी जाऊ शकते. 2023च्या जुलैत आळंदीत डोळे येण्याची साथ आली होती, तशा साथीत घरभर एकच बाटली फिरवणंही तितकंच घातक.

बाटलीवर छापलेली मुदत सील न फोडलेल्या बाटलीची असते. उघडल्या दिवशी पेनाने तारीख लिहा. 3 जुलैला उघडली असेल तर साधारण 3 ऑगस्टला टाकून द्या; लेबलवर कमी दिवस लिहिले असतील तर त्याआधीच. उपचार बाकी असतील तर नवी बाटली आणा, औषध मध्येच बंद करू नका.

उरलेलं प्रेडनिसोलोन तर अजिबात जपून ठेवू नका. भाताचं पातं डोळ्याला लागलं की बुरशीची जखम होऊ शकते आणि प्रेडनिसोलोनसारख्या स्टिरॉइडने ती झपाट्याने वाढते. पातं लागलं, किंवा ऑपरेशन झालेला डोळा दुखू लागला, लाल झाला, अंधुक दिसू लागलं, तर घरच्या बाटलीला हात न लावता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा.