आजी-आजोबांच्या तहानेची वाट पाहू नका

जऊळका आणि आसपासच्या गावांतील बंधू-भगिनींनो,

ऊन वाढलं की वऱ्हाडात दुपारी रस्ते ओस पडतात. तरणी माणसं सकाळीच शेतात, कामावर किंवा लग्नकार्याला निघून जातात आणि घरात राहतात ती म्हातारी माणसं. त्यांच्यासाठी हे आवाहन आहे, पण ते वाचायचं आणि अमलात आणायचं आहे तुम्ही.

मागच्या वैशाखात माझ्या आईच्या बाबतीत जे घडलं ते आधी सांगतो. वय शहात्तर, रक्तदाबाची गोळी चालू, बाकी ठणठणीत. आम्ही सगळे एका लग्नाला गेलो होतो. सायंकाळी परतलो तर आई खाटेवर बसून होती आणि तिने मला माझ्या वारलेल्या मामाच्या नावाने हाक मारली. उठायला गेली तर तोल गेला. शेजारी म्हणाले, "आता वय झालं, असं होतेच." मी विचारलं, "माय, पाणी पेलीस का?" ती म्हणाली, "मले तहानच नाई लागून राह्यली."

नंतर हिशेब जुळवला. सकाळी अर्धा कप चहा, गोळीसोबत दोन घोट, जेवताना अर्धा पेला, दुपारी पुन्हा अर्धा कप चहा. दिवसभरात सगळं मिळून पाव लिटरही नाही, आणि तेही वैशाखाच्या उन्हात, पत्र्याखाली. सकाळपासून ती लघवीलाही गेली नव्हती. दवाखान्यात रक्त तपासलं, सलाईन लागलं आणि तिसऱ्या दिवशी ती पुन्हा मला माझ्याच नावाने हाक मारू लागली. तिला वेड लागलं नव्हतं, तिच्या अंगातलं पाणी आटलं होतं. माठ तिच्यापासून दहा पावलांवर होता.

असं का होतं, ते नीट समजून घ्या. तहान लागल्याची खबर मेंदू देतो आणि वयाबरोबर ही खबर उशिरा आणि क्षीण येते. 1984 साली शास्त्रज्ञांनी धडधाकट तरुण आणि 67 ते 75 वयाचे धडधाकट पुरुष यांना 24 तास पाण्याविना ठेवून पाहिलं. शरीराला गरज असूनही वयस्कांना तहान कमी जाणवली आणि नंतर पाणी समोर आल्यावरही ते कमीच प्यायले. शिवाय उतारवयात मूत्रपिंडाची पाणी राखून ठेवण्याची ताकद घटते आणि अंगातला पाण्याचा साठाही कमी झालेला असतो. रक्तदाबाच्या किंवा पायावरच्या सुजेच्या काही गोळ्या लघवी वाढवतात. म्हणून "तहान लागली की पितील" हा भरवसा म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत ठेवू नका.

ओळखायचं कसं? हाताची कातडी चिमटीत धरून पाहायची सवय आपल्याला आहे. लहान मुलात तिचा उपयोग होतो, पण म्हातारपणी कातडी तशीही सैल असते, त्यामुळे ही खूण फसवते. त्यापेक्षा चार गोष्टी पाहा.

पहिली, वागण्यातला अचानक बदल. काल बरं असलेलं माणूस आज गोंधळलं, गुंगीत राहू लागलं, भलतंच बोलू लागलं, तर "म्हातारचळ" म्हणून सोडू नका. दुसरी, उठताना चक्कर येणं किंवा तोल जाणं. तिसरी, लघवी. नेहमीपेक्षा फेऱ्या कमी झाल्या किंवा लघवी गडद आणि थोडी झाली, तर सावध व्हा. चौथी, तोंड. जीभ आणि गालाची आतली बाजू कोरडी, थुंकी चिकट. यातली कोणतीही एक खूण एकटी पक्की नाही, खात्री रक्ताच्या तपासणीनेच होते. पण दोन खुणा एकत्र दिसल्या तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

पाजायचं कसं? आधी ते का पीत नाहीत ते शोधा. बऱ्याच घरांत कारण तहानेचं नसतंच, संडासाच्या वाटेचं असतं. गुडघे दुखतात, संडास अंगणाच्या टोकाला, रात्री अंधार, पडायची भीती, लुगडं ओलं होण्याची लाज. म्हणून आजी मुद्दाम पाणी टाळते आणि ते कोणाला सांगत नाही. यावर रागावून उपयोग नाही. वाटेवर दिवा लावा, भिंतीला धरायला दांडी बसवा, रात्री खाटेजवळ भांडं किंवा कमोडची खुर्ची ठेवा. जास्तीचं पाणी सायंकाळी सहाच्या आत संपवा, म्हणजे रात्रीची उठबस कमी होईल.

दुसरं, "पाणी पाहिजे का?" असं विचारू नका. उत्तर "नको" हेच येतं. भरलेला पेला हातात द्या आणि स्वतःही सोबत बसून प्या. "ताक देऊ की पन्हं?" असं विचारलं तर दोन्हीतलं एक पोटात जातं. भरलेला पितळी तांब्या थरथरत्या हाताला पेलत नाही आणि माठात वाकून ओगराळं बुडवणंही जमत नाही. हलका, धरायला सोपा पेला अर्धाच भरून उशाशी ठेवा.

प्रमाण किती? युरोपातील पोषणतज्ज्ञांची शिफारस आहे की वयस्क स्त्रियांनी दिवसाला किमान 1.6 लिटर आणि पुरुषांनी 2 लिटर पेयं घ्यावीत. आपल्या उन्हात गरज याहून वाढते. चहा, ताक हेही यात धरायचं. आता माझ्या आईचा दिवस असा असतो: उठल्यावर एक पेला कोमट पाणी, मग एक कप चहा, गोळीसोबत दोन घोट नव्हे तर पूर्ण पेला, दहा वाजता ताक, जेवताना एक पेला, दोन वाजता एक, चार वाजता चहा आणि पन्हं, सहाच्या आत एक पेला, रात्री जेवताना अर्धा. पेला 200 आणि कप 100 मिलिलिटरचा धरला तर 1.7 लिटर होतात. दाराजवळच्या कॅलेंडरवर नात प्रत्येक पेल्याची रेघ ओढते.

सांभाळायचं काय? हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं असेल, तर तेच पाळा. रक्तदाब असेल तर ताकात, पन्ह्यात मीठ नाममात्र, मधुमेह असेल तर गूळ-साखर नको. लघवीची गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. जुलाब-उलट्या असतील तर ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवा, निम्म्या पाण्यात नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

माणूस गुंगीत असेल, ओळखत नसेल, अंग तापलं असेल, आठ तास लघवी झाली नसेल किंवा गिळताना ठसका लागत असेल, तर लगेच 108 ला फोन करा. गुंगीत असलेल्या किंवा ठसका लागणाऱ्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. लगेच 108 ला फोन करा.

शेतात किंवा लग्नाला निघताना शेजारच्या घरी एवढंच सांगून जा: "दुपारी बारा आणि तीनला आमच्या आजीला पाण्याचा पेला हातात द्या, आणि ती पिईपर्यंत तिच्याजवळ बसा." आणि तुमचे शेजारी बाहेर जातील तेव्हा त्यांच्या आबांजवळ तुम्ही बसा.

आपला,
जऊळक्यातील एक गावकरी