शंभरावर नाही, चाळीसावर हात घ्या!



आपली जमीन कोण खातो असं विचारलं, की आपण वनखात्याचं नाव घेतो, सावकाराचं नाव घेतो. पण काही जमीन साध्या बेरजेत जाते. आपल्याच डोळ्यांसमोर जाते आणि खाली आपलाच अंगठा असतो.

एका पाड्यातल्या वनहक्क दाव्याचा कागद आम्ही पाहिला. एका घराचे तीन तुकडे होते. ओहोळाकडची खाचरं 2 एकर 35 गुंठे, माळावरचा वरकस 1 एकर 30 गुंठे आणि उतारावरची नाचणीची जागा 38 गुंठे. कागदावर लिहिलं होतं 2.35, 1.30 आणि 0.38. खाली एकूण 4.03. कारकून म्हणाला, "यंत्रावर केलीय बेरीज, यंत्र चुकत नाही." बाप गप्प बसला. शिकलेला पोरगाही गप्प बसला.

यंत्र चुकलं नाही, पण त्याला गुंठा माहीतच नाही. टिंबाच्या पुढचे आकडे ते रुपये-पैशांसारखे मोजतं, शंभर झाले की एक पुढं ढकलतं. गुंठ्यांचा एकर शंभरावर होत नाही, चाळीसावर होतो. मग ही बेरीज आपणच करू.

आधी फक्त गुंठे घ्या. 35 आणि 30 झाले 65. त्यातून 40 काढा, बाजूला एक रेघ मारा, उरले 25. त्यात 38 घाला, झाले 63. पुन्हा 40 काढा, दुसरी रेघ मारा, उरले 23. आता एकर घ्या. 2 आणि 1 झाले 3, त्यात दोन रेघांचे 2, झाले 5. एकूण 5 एकर 23 गुंठे.

कागदावर काय होतं? 4 एकर 3 गुंठे. म्हणजे 1 एकर 20 गुंठे गेले. नाचणीचा अख्खा तुकडा गेला आणि वर आणखी 22 गुंठे गेले. ना कोणी कुंपण घातलं, ना कोणी गुरं सोडली. गेले ते एका टिंबानं.

ही चूक ओळखायला सोपी आहे. चाळीसाऐवजी शंभरावर हात घेतला, की दर वेळी 60 गुंठे बुडतात. म्हणून तुमची बेरीज आणि कागदाची बेरीज यांत 60चा, नाहीतर 120चा फरक आला, तर समजा की टिंबाची बेरीज झालीय. दुसरी खूण अशी, की एकर-गुंठ्यांच्या कागदावर गुंठ्यांच्या जागी 40 किंवा जास्त आकडा असेल, तर हिशोब अर्धवट सोडलाय. "3 एकर 65 गुंठे" असं काही नसतं. ते 4 एकर 25 गुंठे असतं.

अर्ध्या एकराचंही तसंच. अडीच एकर म्हणजे 2 एकर 20 गुंठे. कोणी 2.5 लिहिलं, तर उद्या ते 2 एकर 5 गुंठे म्हणून वाचलं जाईल. म्हणून टिंब नकोच. एकराचा रकाना वेगळा, गुंठ्याचा वेगळा.

आम्ही बारावी शिकलो, पण बेरीज पटली ती पाड्यातल्या म्हाताऱ्या आजीला सांगितल्यावर. ती विसांनी मोजते. सगळ्याचे गुंठेच करा म्हणाली. 115, 70 आणि 38 मिळून 223. म्हणजे अकरा विसा आणि वर तीन. दोन विसांचा एक एकर. दहा विसांचे पाच एकर, उरली एक वीस आणि तीन. 5 एकर 23 गुंठे! जिला अडाणी म्हणून अंगठा मारायला लावतात, तिचा हिशोब बरोबर, आणि खुर्चीवरच्याचा चूक.

एक मात्र ध्यानात ठेवा. कागदाच्या डोक्यावर हेक्टर-आर लिहिलं असेल, तर तिथं चाळीस लावू नका. 100 आर म्हणजे एक हेक्टर, तिथं शंभरच बरोबर. आधी डोकं वाचा, मग बेरीज करा. एक तुकडा एकरात आणि दुसरा हेक्टरात असेल, तर बेरीज करूच नका, आधी दोन्ही एका मापात लिहून मागा. आणि मोजणीच कमी झाली असेल, तर ती बेरजेनं भरून निघणार नाही. त्यासाठी बांधावर उभं राहून पुन्हा मोजणी मागायला लागेल.

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. ग्रामसभेत नुसती एकूण जमीन वाचून दाखवली तर चालणार नाही. एकेक तुकडा मोठ्यानं वाचा, चाळीस-चाळीसच्या रेघा सगळ्यांसमोर मारा, एकूण गुंठेही लिहा. जुळलं तर अंगठा, नाही जुळलं तर कागद परत!