पिशवीच्या तोंडावरची लाली

अंगावरून पांढरे जाते म्हणून पस्तिशीतली बाई तपासायला गेली आणि ‘पिशवीच्या तोंडाला जखम आहे’ असे कळले, तर तिने घाबरू नये. बहुधा ती जखम नसते. आतले लाल, नाजूक अस्तर बाहेरच्या बाजूला पसरलेले असते. शेजारचे मोहरीएवढे पिवळट फोड म्हणजे साठलेला चिकट स्राव. दोन्ही निरुपद्रवी, त्यांच्यासाठी पिशवी काढू नये. लोंबणारा मऊ कोंब, म्हणजे पॉलिप, डॉक्टर पिळून काढतात आणि तपासणीला पाठवतात. पण टणक, खडबडीत गाठ किंवा खोल व्रण दिसला, तर तुकडा काढून तपासलाच पाहिजे. लाली साधी वाटली तरी पॅप तपासणी करावी. संबंधानंतर किंवा पाळी कायमची गेल्यावर रक्त दिसले, तर थांबू नका.