विश्लेषण : ‘नागाव बीच’चे दहा व्हिडीओ पाहून अकरावा कसा ठरवावा?

अलिबागहून रेवदंड्याच्या रस्त्याला लागले की आठ-दहा किलोमीटरच्या आत नागाव येते. नारळी-पोफळीच्या वाड्या, वाडीतच पर्यटकांसाठी काढलेल्या खोल्या आणि घरगुती खाणावळी असे हे गाव. इथल्या अनेक कुटुंबांचा हंगाम आता रस्त्यावरच्या पाटीइतकाच यूट्यूबच्या शोधपट्टीवर अवलंबून आहे. त्यामुळे मोबाइल हातात घेऊन ‘आपणही एक व्हिडीओ टाकू’ असे म्हणणारे वाढले. पण शोधात वर दिसणाऱ्या व्हिडीओंचे शीर्षक उचलून केलेला व्हिडीओ त्यांच्याच खाली अकरावा म्हणून बसतो. त्याच व्हिडीओंची शीर्षके आणि वर्णने नीट वाचली, तर त्यांनी काय सांगायचे राहिले तेही दिसते. नव्या माणसाला जागा मिळते ती तिथे.

शोध नेमका कोणत्या शब्दांनी घ्यावा?

पहिली चूक इथेच होते. नुसते ‘Nagaon’ टाइप केले तर आसाममधला नगांव जिल्हाही समोर येतो, कारण इंग्रजी अक्षरांत दोन्ही नावे सारखीच लिहिली जातात. रायगड जिल्ह्यातच उरण तालुक्यात दुसरे नागाव आहे आणि त्यालाही पीरवाडीचा समुद्रकिनारा आहे. म्हणून अभ्यासासाठी ‘nagaon beach alibag’ असा पूर्ण शोध घ्यावा. मराठी माणूससुद्धा बहुधा इंग्रजी अक्षरांतच टाइप करतो. तेव्हा एकदा रोमन अक्षरांत आणि एकदा देवनागरीत, असे दोन्ही शोध घेऊन पाहावेत.

हे काम ब्राउजरच्या गुप्त खिडकीत, म्हणजे इन्कॉग्निटोमध्ये, खात्यात लॉग-इन न करता करावे. एरवी यूट्यूब तुमच्या आधीच्या पाहण्यावरून निकाल बदलते आणि तुमचाच व्हिडीओ तुम्हाला वर दिसू लागतो. शब्द टाइप करताना खाली येणाऱ्या सूचनाही लिहून घ्याव्यात. लोक खरोखर काय विचारतात, याचा तो फुकटचा पुरावा असतो.

दहा व्हिडीओंत काय वाचायचे?

जाहिरात म्हणून आलेले निकाल आणि शॉर्ट्स सोडून पहिले दहा व्हिडीओ घ्या. वहीत प्रत्येकासाठी एक ओळ आणि पाच रकाने पुरतात. पहिल्यात शीर्षक जसेच्या तसे. दुसऱ्यात अपलोडचा महिना आणि वर्ष. तिसऱ्यात शीर्षकाने दिलेले वचन, म्हणजे ते खोली दाखवते, खर्च सांगते की रस्ता. चौथ्यात वर्णनाच्या पहिल्या दोन-तीन ओळी, कारण ‘आणखी’वर बोट ठेवण्याआधी तेवढेच दिसते. पाचव्यात प्रतिक्रियांमध्ये पुन्हा पुन्हा विचारलेला आणि उत्तर न मिळालेला प्रश्न.

हा पाचवा रकाना सर्वांत मोलाचा. शीर्षकावरून व्हिडीओवाल्याला काय विकायचे आहे ते कळते. प्रतिक्रियांमधून पाहणाऱ्याला काय हवे होते ते कळते. दोन्हींत जे अंतर राहते, तीच पोकळी.

एक उदाहरण करून पाहिले तर?

समजा, नागावातल्या एका घरगुती खाणावळीने असा तक्ता केला. हा नमुना आहे. तुमच्या वहीत आकडे वेगळे येतील. दहापैकी सहा शीर्षकांत रिसॉर्ट किंवा कॉटेज आहे, तिघांत ‘इतक्या रुपयांत अलिबाग सहल’ आहे, एकात जलक्रीडांचे दर आहेत. मग दुसरा रकाना पाहिला. नऊ व्हिडीओ ऑक्टोबर ते मे या काळातले निघाले. वर्णनात बहुतेक ठिकाणी हॉटेलचा पत्ता, क्रमांक आणि खाली हॅशटॅगची रांग. कसे यायचे, याचे उत्तर एकाच साच्याचे : गेटवेहून लाँचने मांडवा, तिथून बसने अलिबाग. प्रतिक्रियांमध्ये मात्र विचारणा वेगळी : ‘जुलैमध्ये येऊ शकतो का?’, ‘गाडी नाही, कसे यायचे?’

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवा. गेटवे ते मांडवा प्रवासी लाँच पावसाळ्यात बंद असतात. जलक्रीडाही साधारण मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत बंद ठेवल्या जातात. म्हणजे हिवाळ्यातला व्हिडीओ पाहून जुलैच्या शनिवारी मुलाबाळांसह गेटवेवर आलेले कुटुंब तिथूनच परत फिरणार, किंवा पोहोचलेच तर खवळलेल्या समुद्रापाशी करमणूक शोधणार. व्हिडीओ खोटा नव्हता. तो डिसेंबरचा होता आणि शीर्षकात तसे लिहिले नव्हते.

खाणावळीला विषय सापडला : पावसाळ्यात, गाडीशिवाय, मुंबईहून नागाव. भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा 2020 मध्ये सुरू झाली. मोटारीशिवायही तिने जाता येते आणि हवामान साथ देईल तेव्हा ती पावसाळ्यातही चालते. तिकडून नको असेल तर एसटीने पनवेल, वडखळमार्गे अलिबाग गाठता येते. अलिबाग स्थानकातून रेवदंड्याकडे जाणारी एसटी नागाववरूनच जाते. मांडव्याला उतरल्यावर पुढचे वाहन कुठे उभे असते, शेवटची गाडी किती वाजता सुटते, हे मात्र कॅमेरा घेऊन स्वतः जाऊनच दाखवावे लागेल. इथे स्थानिक माणूस मुंबईच्या व्लॉगरच्या पुढे असतो. तो जुलैतही इथेच असतो.

शीर्षक आणि वर्णन कसे लिहावे?

यूट्यूब शीर्षकाला 100 अक्षरांची मुभा देते. पण मोबाइलवर लांब शीर्षकाची शेपटी कापली जाते. म्हणून वेगळेपणा सांगणारा शब्द आधी यावा आणि गावाचे नाव दोन्ही लिप्यांत असावे :

```
पावसाळ्यात नागाव बीचला गाडीशिवाय कसे जावे? | Nagaon Beach Alibag Monsoon
```

वर्णनाला 5000 अक्षरांची जागा असते. ती भरलीच पाहिजे असे नाही. पहिल्या दोन ओळींत थेट उत्तर द्यावे, ‘नागाव, तालुका अलिबाग, जिल्हा रायगड’ असे लिहून उरण आणि आसामचा घोळ मिटवावा, आणि चित्रीकरणाचा महिना सांगावा. त्याखाली व्हिडीओचे भाग वेळेसह द्यावेत :

```
00:00 गेटवेची लाँच कधी बंद असते?
01:10 भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो
02:40 अलिबाग स्थानक ते नागाव एसटी
04:05 पावसाळ्यात किनाऱ्यावर काय बंद असते?
```

हे भाग आपोआप दिसण्यासाठी पहिली वेळ 00:00 हवी, किमान तीन वेळा चढत्या क्रमाने हव्यात आणि प्रत्येक भाग निदान 10 सेकंदांचा हवा. दुसऱ्याचे वर्णन उचलून चिकटवणे किंवा वर्णनात टॅगचा ढीग ओतणे टाळावे. दिशाभूल करणारी शीर्षके आणि असा टॅगचा मारा यूट्यूबच्या धोरणातच बसत नाही.

पोकळी खरी की नुसतीच रिकामी जागा?

ज्या विषयावर व्हिडीओ नाही, तो विषय लोकांना हवाच आहे असे नसते. नागावशेजारच्या अक्षीत जुना मराठी शिलालेख आहे. तो व्हिडीओच्या लायकीचा नक्कीच आहे. पण खोली शोधणारा माणूस ‘nagaon beach’ टाइप करतो तेव्हा शिलालेख विचारत नसतो. म्हणून निदान दोन खुणा जुळाव्यात : शोधपट्टीच्या सूचनांत ते शब्द यावेत आणि निरनिराळ्या व्हिडीओंखाली तोच प्रश्न वेगवेगळ्या लोकांनी विचारलेला असावा. सूचनाही नाही आणि प्रश्नही नाही, तर ती जागा रिकामीच राहिलेली बरी.

उलट बाजूची मर्यादाही ओळखावी. शोधातला क्रम फक्त शब्दांवर ठरत नाही. शीर्षक, वर्णन, टॅग आणि प्रत्यक्ष आशय शोधाशी किती जुळतो, याबरोबरच त्या शोधातून आलेले लोक व्हिडीओ किती पाहतात, तेही मोजले जाते. नव्या चॅनेलला ‘nagaon beach’ या दोन शब्दांवर जुन्यांना मागे टाकणे अवघडच. ‘nagaon beach monsoon’सारख्या लांब शोधावर मात्र स्पर्धा थोडी असते आणि तो टाइप करणारा माणूस प्रवासाच्या जास्त जवळ आलेला असतो. वीस हजार प्रेक्षकांपेक्षा असे दोनशे प्रेक्षक चार खोल्यांच्या घराला जास्त उपयोगाचे.

जमले की फसले, हे कशावरून कळेल?

अपलोडनंतर 28 दिवसांनी यूट्यूब स्टुडिओत प्रेक्षक कुठून आले ते उघडावे आणि त्यात ‘यूट्यूब शोध’ निवडावा. लोकांनी टाइप केलेले शब्द तिथे दिसतात. त्यांत पाऊस, बस, रो-रो असे शब्द असतील तर पोकळी खरी होती. नुसते ‘nagaon’ असेल आणि प्रेक्षक पहिल्या अर्ध्या मिनिटातच गळत असतील, तर तुम्ही आसामच्या पाहुण्यांना बोलावले आहे. शीर्षकात अलिबाग पुढे आणावे. शोधशब्द बरोबर आहेत, तरीही गळती आहे, तर दोष शीर्षकाचा नसून व्हिडीओचा आहे. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर समुद्राच्या लांबलचक दृश्यांनंतर येते आहे.

शीर्षक आणि वर्णन नंतरही बदलता येते, व्हिडीओ पुन्हा टाकावा लागत नाही. म्हणूनच जबाबदारीही संपत नाही. दर मे महिन्यात लाँच आणि एसटीची माहिती तपासून वर्णनाच्या पहिल्या ओळीत नवी तारीख टाकावी. तसे झाले नाही, तर आज दुसऱ्यांच्या जुन्या व्हिडीओंत जी पोकळी सापडली, ती पुढच्या वर्षी तुमच्या व्हिडीओत दुसऱ्या कोणाला तरी सापडेल. आणि तोवर एखादे कुटुंब तुमच्या भरवशावर बंद धक्क्यावर जाऊन उभे राहिलेले असेल.