डिसेंबरात शांत, मे महिन्यात घरघर

झोपायच्या खोलीसाठी हौसेने बांधून घेतलेला 'सायलेंट' पीसी उन्हाळ्यात घरघरू लागतो, ही तक्रार खान्देशात दर मे महिन्यात येते. असेंबलर पंख्याला दोष देतात आणि ग्राहकाला आणखी महाग पंखा विकतात. चूक पंख्याची नसते, चाचणीची असते.

रायझेन ७ ५८०० एक्सचे उदाहरण घ्यावे. मूळ सेटिंगला हा प्रोसेसर सॉकेटमधून १४२ वॉटपर्यंत ओढतो आणि ९० अंशांवर स्वतःचा वेग कापतो. समजा, मोठ्या टॉवर हीटसिंकवर ७०० आरपीएमला पूर्ण लोडमध्ये तो खोलीपेक्षा ५५ अंश जास्त तापतो. डिसेंबरात खोली २२ अंशांवर असताना आकडा येतो ७७, आणि सगळे खूश. मे महिन्यात जळगावची खोली ४० अंशांवर गेली की हिशेब ९५ वर जातो. म्हणजे मर्यादा ओलांडली, वेग कापला गेला आणि पंखे ओरडू लागले.

इथे पंखा वाढवणे हा महागडा उपाय आहे. वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट मिळते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने चढतो.

त्याऐवजी उष्णताच कमी करावी. बायोसमध्ये PPT ८८ वॉटवर आणले की ५५ अंशांचा फरक साधारण ३४ वर येतो. त्याच ४० अंशांच्या खोलीत, त्याच ७०० आरपीएमला आकडा ७४ राहतो. सगळे कोअर एकदम राबवणाऱ्या कामात थोडा वेग जातो, रोजच्या वापरात तो जाणवत नाही. मग फॅन कर्व्ह ६५ अंशांपर्यंत सपाट ठेवावा. पन्नाशीलाच चढण सुरू केली, तर मे महिन्यात साधे ब्राउझर उघडले तरी पंखा वरखाली होतो, आणि झोप मोडते ती या चढउतारानेच.

एसएमपीएसबाबतचा आळस तर अक्षम्य आहे. कॅबिनेटसोबत आलेला स्वस्त एसएमपीएस तसाच ठेवून वर मोठा हीटसिंक चढवणाऱ्यांनी 'शांत' हा शब्द बिलावर लिहू नये. दुसऱ्या टोकाला, पूर्ण बिनपंख्याचा एसएमपीएस टेबलाखालच्या बंद कप्प्यात बसवणेही इथे चूक आहे. कपॅसिटर दहा अंश जास्त तापला की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. कमी लोडवर थांबणारा आणि गरम झाल्यावर हळू फिरणारा पंखा असलेला एसएमपीएस धुळे-जळगावला योग्य. मे महिन्यात त्याचा पंखा सुरू झाला, तर तो बिघाड नाही, हे ग्राहकाला आधीच सांगावे.

एसी लावलेल्या दुकानात, बाजूचे पॅनल उघडे ठेवून पाच मिनिटांची चाचणी घेणे आता बंद करावे. पॅनल लावून, एसी बंद करून, दुपारी अर्धा तास पूर्ण लोड द्यावा. खोलीचे तापमान, प्रोसेसरचे तापमान आणि पंख्याचा वेग हे तीन आकडे बिलाच्या पाठीवर लिहून द्यावेत. या मेपासूनच ही सुरुवात व्हावी.